१३२ केव्ही उपकेंद्रात लायटनिंग अरेस्टरची निवड आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनशी त्याचा मेळ

उघड्यावरच्या उपकेंद्रात अरेस्टर निवडताना बहुतेक वेळा जुन्या निविदेतला आकडा उचलला जातो: १३२ केव्हीला १२० केव्हीचा अरेस्टर, १० केए, विषय संपला. आकडा बहुधा बरोबरही असतो. पण तो का बरोबर आहे, कोणत्या परिस्थितीत चुकेल आणि अरेस्टर ट्रान्सफॉर्मरपासून किती अंतरावर असला तर त्याचा उपयोग होतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे. एक १३२ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या उच्चदाब बाजूच्या इन्सुलेशनची विजेच्या आघाताला टिकण्याची क्षमता, म्हणजे ज्याला आपण बीआयएल म्हणतो ती, ५५० केव्ही आहे, आणि सिस्टिमचा न्यूट्रल परिणामकारकरीत्या अर्थ केलेला आहे. या वर्गात ६५० केव्ही बीआयएलचे ट्रान्सफॉर्मरही मिळतात, परंतु ५५० मध्ये राखीव क्षमता कमी असल्याने हिशेब तिथेच काटेकोर करावा लागतो.

अरेस्टरचे व्होल्टेज दोन बाजूंनी बांधलेले असते. खालची मर्यादा सिस्टिम ठरवते, कारण नेहमीच्या आणि दोषाच्या काळातल्या व्होल्टेजला अरेस्टरने न तापता टिकले पाहिजे. वरची मर्यादा ट्रान्सफॉर्मर ठरवतो, कारण लाट आल्यावर अरेस्टरच्या दोन टोकांमध्ये उरणारे व्होल्टेज इन्सुलेशनला सोसवेल इतके कमी हवे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन मर्यादांमधली जागा मोजण्यासाठी आहेत. अरेस्टर गॅपविरहित झिंक ऑक्साइडचा आहे असे धरले आहे. सिलिकॉन कार्बाइडचे गॅपवाले जुने अरेस्टर अजून कुठे उभे असतील, तर त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

पहिली पायरी: सिस्टिमकडून खालची मर्यादा

१३२ केव्ही सिस्टिमचे कमाल व्होल्टेज १४५ केव्ही धरतात. त्याला तीनच्या वर्गमुळाने भागले की फेज ते अर्थ ८३.७ केव्ही येते, आणि अरेस्टरवर रात्रंदिवस हेच व्होल्टेज असते. त्याच्या नामपट्टीवरचे सततच्या वापराचे कमाल व्होल्टेज यापेक्षा जास्त असलेच पाहिजे. १२० केव्ही रेटिंगच्या अरेस्टरमध्ये ते साधारण ९६ केव्ही असते, म्हणजे इथे अडचण येत नाही.

खरी कसोटी दोषाच्या वेळची आहे. एक फेज अर्थ झाला की उरलेल्या दोन फेजचे अर्थच्या तुलनेतले व्होल्टेज वाढते. किती वाढते हे सिस्टिमच्या अर्थिंगवर अवलंबून असते. परिणामकारक अर्थिंगमध्ये, म्हणजे शून्यक्रम रिॲक्टन्स धनक्रम रिॲक्टन्सच्या तिपटीच्या आत आणि शून्यक्रम रेझिस्टन्स धनक्रम रिॲक्टन्सच्या आत असेल तेव्हा, ही वाढ १.४ पटीच्या आत राहते. म्हणून ८३.७ गुणिले १.४, म्हणजे ११७ केव्ही. दोष मुख्य संरक्षणाने सुटला तर हे व्होल्टेज सेकंदाच्या एका अंशापुरते टिकते, पण मुख्य रिले चुकली आणि बॅकअपवर वेळ आली तर एक सेकंदापर्यंत टिकू शकते. हिशेब नेहमी बॅकअपच्या वेळेवर करावा.

आयईसी ६००९९-४ प्रमाणे अरेस्टरचे रेटेड व्होल्टेज म्हणजे ऊर्जेचा आघात सोसल्यावरही तो सुमारे १० सेकंद पेलू शकेल असे व्होल्टेज. त्यामुळे १२० केव्हीचा अरेस्टर ११७ केव्ही आरामात पेलतो. १०८ केव्हीचा घेतला तर एका सेकंदासाठी त्याची क्षमता रेटेडपेक्षा थोडी जास्त, म्हणजे जेमतेम ११५ ते ११७ केव्हीच्या आसपास येते, आणि कागदावर काठावर पास होणारी वस्तू प्रत्यक्षात घेऊ नये. कमाल सिस्टिम व्होल्टेजच्या ८० टक्के रेटिंग घ्यायचे हा जुन्या पिढीचा नियम १४५ ला ११६ देतो आणि जवळचे उपलब्ध रेटिंग १२० ठरते. नियम चांगला आहे, पण तो परिणामकारक अर्थिंगपुरताच चांगला आहे, ही अट मात्र नियमासोबत पुढच्या पिढीपर्यंत पोचली नाही.

ती अट विसरल्याचा परिणाम मी एकदा ३३ केव्हीच्या बाजूला पाहिला आहे. तिथले अरेस्टर ३० केव्हीचे होते आणि नेहमीच्या परिस्थितीत ते योग्यच होते: ३६ केव्ही कमाल व्होल्टेजचे फेज ते अर्थ २०.८ आणि त्याच्या १.४ पट २९ केव्ही. एका दुरुस्तीसाठी स्टार वाइंडिंगचा, अर्थ केलेल्या न्यूट्रलचा ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून बस दुसऱ्या, ३३ केव्ही बाजूला डेल्टा असलेल्या ट्रान्सफॉर्मरवरून चालवली गेली. त्या रात्री एका फीडरचा एक फेज अर्थ झाला, अर्थ फॉल्टचा प्रवाह जवळजवळ नसल्याने रिलेला काही दिसले नाही, आणि धडधाकट दोन फेजवर पूर्ण लाइन ते लाइन व्होल्टेज येऊन बसले. दोन अरेस्टर फुटले. पंचनाम्यात सदोष माल असे लिहिले गेले, पण मालात काही खोट नव्हती. अशा सिस्टिममध्ये अरेस्टरचे सततचे व्होल्टेज ३६ केव्हीपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे रेटिंग साधारण ४५ केव्ही लागते. म्हणून रेटिंग ठरवण्याआधी उपकेंद्राचा एकरेषी आराखडा समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: या बसचा न्यूट्रल कोणत्याही स्विचिंगमध्ये अर्थपासून सुटू शकतो का? उत्तर 'हो' असेल, तर तीच परिस्थिती हिशेबाला धरावी.

दुसरी पायरी: अरेस्टर लाटेला किती व्होल्टेजवर अडवतो

अरेस्टरमधून ८/२० मायक्रोसेकंदांचा १० केए प्रवाह गेल्यावर त्याच्या टोकांमध्ये उरणारे व्होल्टेज उत्पादकाच्या तक्त्यात असते. ते साधारणपणे रेटेड व्होल्टेजच्या २.४ ते २.७ पट येते. आपल्या १२० केव्हीच्या अरेस्टरसाठी ३१० केव्ही धरू. तीव्र चढाच्या प्रवाहासाठी तोच आकडा पाच ते दहा टक्क्यांनी वाढतो, समजा ३३५, आणि स्विचिंग लाटेसाठी कमी होतो, समजा २४५ केव्ही.

१० केए हा आकडा कुठून आला, हे एकदा पडताळून पाहावे. ओळीवरून येणारी लाट ओळीच्या इन्सुलेटरच्या फ्लॅशओव्हरपेक्षा फार मोठी राहू शकत नाही, कारण त्यापुढे ओळच ती जमिनीत सोडते. इन्सुलेटरचा फ्लॅशओव्हर ८०० केव्ही आणि ओळीचा सर्ज इंपिडन्स ४०० ओहम धरला, तर अरेस्टरमधला प्रवाह दुप्पट लाटेतून अरेस्टरचे व्होल्टेज वजा करून इंपिडन्सने भागला की मिळतो: १६०० वजा ३१०, भागिले ४००, म्हणजे सुमारे ३.२ केए. लाट दूरच्या ठिकाणाहून आली असेल तर १० केएवरचा आकडा धरणे सुरक्षित बाजूचे आहे. जवळच्या मनोऱ्यावर वीज पडली तर हा हिशेब पुरत नाही, पण तो विषय चौथ्या पायरीत येतो.

ऊर्जेची बाजू इथे थोडक्यात. आयईसी ६००९९-४ च्या २०१४ च्या आवृत्तीपासून लाइन डिस्चार्ज क्लास १ ते ५ ऐवजी उपकेंद्राच्या अरेस्टरचे एसएल, एसएम, एसएच असे वर्ग झाले आहेत, आणि त्यांचा पुनरावृत्त चार्ज अनुक्रमे किमान १.०, १.६ आणि २.४ कूलोम आहे. १३२ केव्हीला १० केएचा एसएल किंवा एसएम पुरतो. एसएच हा २० केएचा वर्ग आहे आणि तो इथे घेण्याचे कारण क्वचितच असते.

तिसरी पायरी: राखीव क्षमता, अंतर शून्य धरून

आयईसी ६००७१-२ आतल्या इन्सुलेशनसाठी १.१५ हा सुरक्षा गुणक देते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर लाटेच्या वेळी जास्तीत जास्त ५५० भागिले १.१५, म्हणजे ४७८ केव्ही चालू शकते. अरेस्टर जणू टर्मिनलवरच बसवला आहे असे धरले तर ५५० भागिले ३१० म्हणजे १.७७, भरपूर. तीव्र चढासाठी ट्रान्सफॉर्मरची चॉप्ड लाटेची क्षमता बीआयएलच्या १.१ पट, ६०५ केव्ही धरतात आणि ६०५ भागिले ३३५ हे १.८ येते. स्विचिंगसाठी तेलातल्या इन्सुलेशनची क्षमता बीआयएलच्या सुमारे ०.८३ पट धरली तर ४५६ भागिले २४५, म्हणजे १.८६.

तिन्ही आकडे इतके छान दिसतात, की बहुतेक इन्सुलेशन कोऑर्डिनेशन अहवाल इथेच संपतात. हे गुणोत्तर मात्र अरेस्टरच्या टोकांचे आहे, ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलचे नव्हे.

चौथी पायरी: अंतराचा हिशेब

लाट प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर धावते. ती अरेस्टरला ओलांडून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, ट्रान्सफॉर्मर तिला जवळजवळ उघड्या टोकासारखा भासत असल्याने तिथून ती उलटते, आणि अरेस्टरने पकडलेल्या व्होल्टेजची बातमी परत पोचेपर्यंत टर्मिनलवरचे व्होल्टेज चढतच राहते. लाट जितकी तीव्र आणि अंतर जितके जास्त, तितका हा चढ मोठा. आयईसीचे सूत्र असे आहे:

```
Urp = Upl + 2·S·L/300      (2·S·L/300 <= Upl)
Urp = 2·Upl                (2·S·L/300 >  Upl)
L   = a1 + a2 + a3 + a4
```

यात Urp म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज, Upl म्हणजे अरेस्टरचे संरक्षण व्होल्टेज, S म्हणजे लाटेचा चढ केव्ही प्रति मायक्रोसेकंदात आणि L मीटरमध्ये. L मध्ये काय येते तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. a1 ही मुख्य कंडक्टरपासून अरेस्टरच्या डोक्यापर्यंतची लीड, a2 अरेस्टरच्या पायापासून अर्थ मॅटपर्यंतची लीड, a3 अरेस्टरच्या जोडणीपासून ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगपर्यंतचे अंतर आणि a4 अरेस्टरची स्वतःची उंची. नकाशावरून फक्त a3 मोजला जातो आणि बाकीचे पाच-सहा मीटर कुणाच्या लक्षात येत नाहीत. आपल्या उदाहरणात अरेस्टर २.५ मीटरच्या स्टँडवर आहे: a1 एक मीटर, a2 तीन मीटर, a4 सुमारे १.३ मीटर. म्हणजे a3 शून्य असला तरी L ५.३ मीटर आहेच.

आता S किती धरायचा? लाट जिथे निर्माण होते तिथून येताना कोरोना तिची धार बोथट करतो. एकेरी कंडक्टरच्या ओळीसाठी कोरोनाचा स्थिरांक ०.०००००१५ मायक्रोसेकंद प्रति केव्ही-मीटर धरतात, आणि अंतराशी त्याचा गुणाकार केला की चढाचा व्यस्तांक मिळतो. फ्लॅशओव्हर सुमारे ६७० मीटरवर, म्हणजे साधारण दुसऱ्या मनोऱ्याजवळ झाला असेल तर लाट उपकेंद्रात १००० केव्ही प्रति मायक्रोसेकंद चढाने पोचते, आणि त्याच्या निम्म्या अंतरावर झाला तर २००० ने.

पहिली शक्यता घेऊ: खर्च वाचवण्यासाठी फक्त ओळीच्या गँट्रीवर अरेस्टर आहे आणि ट्रान्सफॉर्मर तिथून ४० मीटरवर आहे. L होते ४५.३. चढ १००० धरून दोन गुणिले १००० गुणिले ४५.३, भागिले ३००, म्हणजे ३०२ केव्ही. ३१० मध्ये मिळवले की टर्मिनलवर ६१२ केव्ही येतात. ही रक्कम ४७८ च्या परवानगीपेक्षाच नव्हे, ५५० च्या बीआयएलपेक्षाही जास्त आहे. १.७७ चे गुणोत्तर असलेला अरेस्टर उभा असूनही ट्रान्सफॉर्मर उघडा आहे.

दुसरी शक्यता: त्याच रेटिंगचा आणखी एक संच ट्रान्सफॉर्मरजवळ, बुशिंगपासून ४ मीटरवर. L ९.३ मीटर, वाढ ६२ केव्ही, टर्मिनलवर ३७२ आणि गुणोत्तर १.४८. चढ दुप्पट, २००० धरला तरी ४३४ केव्ही आणि १.२७. दोन्ही १.१५ च्या वर आहेत.

मर्यादा उलट बाजूने काढता येते: ४७८ वजा ३१०, म्हणजे १६८ केव्हीची वाढ परवडते. चढ १००० असेल तर L कमाल २५ मीटर आणि त्यातून ५.३ वजा जाता a3 सुमारे २० मीटर. चढ २००० असेल तर a3 फक्त ७ मीटर. हाच फरक पाहून मी १३२ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला पाच-सहा मीटरच्या आत अरेस्टर ठेवण्याचा आग्रह धरतो. ओळीच्या शेवटच्या दोन-तीन मनोऱ्यांच्या अर्थिंगवर आणि शिल्ड वायरवर आपला विश्वास किती आहे, याचाच हा प्रश्न आहे, कारण मनोऱ्याचा फूटिंग रेझिस्टन्स वाढला की शिल्ड वायरवर पडलेली वीज उलट फ्लॅशओव्हरने कंडक्टरवर जाते आणि फ्लॅशओव्हरची जागा उपकेंद्राच्या जवळ सरकते.

रेटिंग वर नेण्याची किंमतही याच सूत्रात दिसते. कुणी सावधगिरी म्हणून १२० ऐवजी १४४ केव्हीचा घेतला, तर संरक्षण व्होल्टेज त्याच प्रमाणात ३७२ होते, परवडणारी वाढ १०६ वर येते आणि चढ १००० असताना L १६ मीटर, a3 साडेदहा मीटर उरतो. चढ २००० असेल तर L ८ मीटर आणि a3 तीन मीटरही नाही. अरेस्टर जास्त टिकेल, ट्रान्सफॉर्मर कमी.

गँट्रीवरचा संच मात्र काढू नये. ओळीचा ब्रेकर उघडा असताना लाट त्याच्या उघड्या टोकावर दुप्पट होते आणि तिथे ट्रान्सफॉर्मरजवळचा अरेस्टर काहीच करू शकत नाही.

पाचवी पायरी: जोडणी, फूटपट्टी हातात घेऊन

नकाशातला हिशेब स्टँडपाशी टेप घेऊन पुन्हा मोजावा. अरेस्टरची अर्थ लीड त्याच्या पायापासून सरळ खाली उतरून अर्थ मॅटला मिळाली पाहिजे, आणि तिथूनच एक छोटा जोड ट्रान्सफॉर्मरच्या टाकीलाही गेला पाहिजे. वाइंडिंगच्या इन्सुलेशनला जमिनीच्या तुलनेतले नव्हे, तर टाकीच्या तुलनेतले व्होल्टेज सोसावे लागते. टाकी आणि अरेस्टर एकाच बिंदूला बांधलेले असतील तर मॅटचे व्होल्टेज उसळले तरी दोन्ही एकत्रच उसळतात. टाकीची अर्थिंग एका बाजूला आणि अरेस्टरची पंधरा मीटर दूरच्या वेगळ्या पिटमध्ये असेल तर मधला सगळा फरक इन्सुलेशनवर येतो. म्हणूनच पिटचा ओहमचा आकडा पाहण्याआधी मी हा जोड पाहतो.

लीडमध्ये वळणे आणि वेटोळी नकोत. सरळ लीडचा इंडक्टन्सही मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असतो, आणि प्रवाह १० केए प्रति मायक्रोसेकंदाने चढताना तो मीटरमागे १० केव्ही खातो. हा भाग सूत्रात a1 आणि a2 मधून आलेला आहे, म्हणून पुन्हा मिळवू नये. पण नंतर कुणी सोयीसाठी काउंटर डोळ्यासमोर आणायला लीड दोन मीटर फिरवली, तर मूळ हिशेब कागदापुरताच उरतो.

बाकीच्या बाबी चटकन उरकता येतात. प्रदूषित भागात क्रीपेज २५ मिलिमीटर प्रति केव्ही धरून १४५ साठी ३६२५ मिलिमीटर लागतो. दाबमुक्तीची क्षमता बसच्या शॉर्टसर्किट पातळीपेक्षा कमी नसावी. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल काही वेळा अर्थपासून सोडून चालवायचा असेल आणि तिथले इन्सुलेशन श्रेणीबद्ध, म्हणजे कमी पातळीचे असेल, तर न्यूट्रलला स्वतंत्र अरेस्टर हवाच, आणि त्याचा हिशेब न्यूट्रलच्या बीआयएलवर वेगळा करावा.

सहावी पायरी: बसवल्यानंतर काय पाहायचे

अरेस्टर इन्सुलेटेड पायावर बसवून त्याच्या अर्थ लीडमध्ये सर्ज काउंटर आणि लीकेज मीटर लावतात. बऱ्याच ठिकाणी मीटरचा काटा हिरव्या भागात आहे एवढीच नोंद रोज होते. त्या नोंदीतून फारसे कळत नाही. समजा, लीकेजमधला कपॅसिटिव्ह भाग ०.८० मिलिॲम्पिअर आणि रेझिस्टिव्ह ०.०८ आहे. हे दोन्ही एकमेकांशी काटकोनात असल्याने बेरीज ०.८०४ येते. डिस्क खराब होत जाऊन रेझिस्टिव्ह भाग तिप्पट, ०.२४ झाला तरी एकूण आकडा ०.८३५ होतो, म्हणजे चार टक्के वाढ, जी काट्यावर दिसणारही नाही. म्हणून तिसऱ्या हार्मोनिकवरून रेझिस्टिव्ह भाग काढणारे उपकरण वर्षातून निदान एकदा लावावे, तिन्ही फेजचे आकडे शेजारी ठेवावेत आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याशी तुलना करावी. एक फेज बाकी दोघांपासून वेगळा जात असेल तर तो आधी बघावा. ओल्या दिवशी मोजू नये, कारण बाहेरच्या पृष्ठभागावरचा प्रवाहही मोजमापात येतो.

सर्ज काउंटरबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका ठिकाणी वर्षानुवर्षे काउंटरवर शून्यच होते आणि त्यावरून या उपकेंद्रावर लाटा येतच नाहीत असा निष्कर्ष निघाला होता. पायाजवळ वाकून पाहिले तेव्हा कळले, की स्टँड रंगवताना मध्ये येणारी लीड कुणीतरी लोखंडी अँगलला क्लॅम्पने घट्ट आवळली होती, तीही काउंटरच्या वर. लाटा सरळ स्टँडमधून जमिनीत जात होत्या आणि लीकेजच्या मीटरचा काटाही शून्यावर होता, ज्याची नोंद रोज 'ठीक' अशी होत होती.